काशीदच्या समुद्रातला पांढरा साका

अलिबागहून मुरूडकडे जाताना लागणाऱ्या काशीदच्या किनाऱ्यावरचे एक लिटर पाणी घेतले, तर त्यात मिठाबरोबर सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम विरघळलेले असते. समुद्राच्या पाण्यातल्या धातूंमध्ये सोडियमच्या खालोखाल याचाच नंबर लागतो. हे मॅग्नेशियम बाहेर काढण्याची रीत कागदावर फार सोपी दिसते. पाण्यात अल्कली घालायची, म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका खाली पडतो, आणि तो गाळून घ्यायचा. अमेरिकेत टेक्ससमधल्या फ्रीपोर्ट येथे डाऊ कंपनीने १९४१ च्या जानेवारीत समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम धातूची पहिली लगड काढली, तेव्हा सुरुवातीची पायरी हीच होती. त्यांनी अल्कली म्हणून शिंपले भाजून केलेला चुना वापरला.

या सोप्या दिसणाऱ्या रितीत पहिल्या दोन गोष्टी खरोखरच सोप्या आहेत. अडचण आहे ती ‘गाळून घ्यायचा’ या दोन शब्दांत. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा ताजा साका वाळूसारखा किंवा स्फटिकांसारखा नसतो. तो पांढरट, लिबलिबीत आणि फुगलेला असतो. त्याचे कण इतके बारीक आणि इतके पाणी धरून ठेवणारे असतात, की गाळलेल्या ओल्या लगद्यात दहा भागांतले नऊ भाग पाणीच निघू शकते. साध्या फनेलमध्ये कागदाचा कोन ठेवून असा साका ओतला, की सुरुवातीला धार लागते, मग थेंब पडतात, आणि थोड्या वेळाने थेंबही थांबतात. विद्यार्थी पंप लावतो आणि नळ पूर्ण सोडतो. तरीही पाणी खाली येत नाही. पंपात दोष आहे असे त्याला वाटते, पण पंप बहुतेक वेळा उत्तम चाललेला असतो.

असे का होते हे समजले, की पुढची प्रत्येक कृती आपोआप समजते, म्हणून आधी त्यासाठी थोडा वेळ देतो.

गाळण सुरू झाल्यानंतर पहिले काही क्षण गाळण्याचे काम कागद करतो. त्यानंतर कागदावर साक्याचा थर बसतो आणि पुढचे सगळे पाणी त्या थरातून वाट काढत खाली जाते. म्हणजे खरी गाळणी तो थरच असतो, कागद फक्त त्याला आधार देतो. थर जसजसा जाड होतो तसतसा अडथळा वाढतो. दाब तेवढाच ठेवला, तर दुप्पट पाणी गाळायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. कणांचा आकार त्याहून निर्दय आहे. कण अर्ध्या आकाराचे झाले, की त्याच जाडीच्या थरातून जाणारा प्रवाह एक चतुर्थांश होतो. आपल्या साक्याचे कण मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात, तेव्हा त्यांच्यामधल्या वाटा किती अरुंद असतील ते लक्षात येईल.

इथवरची गोष्ट वाळूलाही लागू आहे. लिबलिबीत साक्याचा खास स्वभाव पुढे आहे: तो दाबला जातो. वाळूचा थर खालून कितीही ओढला तरी वाळूचे कण आपली जागा सोडत नाहीत, म्हणून ओढ दुप्पट केली की पाणीही दुप्पट वेगाने येते. हायड्रॉक्साइडचा थर ओढ वाढली की चेपतो, आणि सगळ्यांत जास्त चेपतो तो कागदाला टेकलेला भाग. तिथे एक पातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो. ओढ वाढवून जे मिळवावे ते पापुद्रा आणखी घट्ट होण्यात खर्च होते. काही साक्यांच्या बाबतीत तर ओढ दुप्पट केली तरी वेग जवळजवळ तेवढाच राहतो. घरी श्रीखंडाचा चक्का करताना दही फडक्यात बांधून टांगून ठेवतात आणि पहिल्याच तासात पिळत नाहीत, त्यामागे हाच अनुभव आहे. घाईने पिळले तर फडक्याची छिद्रे दह्याने बुजतात, आणि काही दही फडक्यातून बाहेरही येते.

तेव्हा अशा साक्याच्या बाबतीत गाळण्याचा वेग पंपाच्या ताकदीवर थोडा आणि थराच्या रचनेवर फार अवलंबून असतो. थर पातळ ठेवणे, त्यातल्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि तो चेपू न देणे, या तीन गोष्टी हातात आल्या, की साधा पाण्याचा पंपही पुरतो.

काशीदच्या पाण्यावर हे पायरीपायरीने करून पाहू. नमुना पावसाळा संपल्यावर, शक्यतो नोव्हेंबरनंतर घ्यावा. काशीदच्या उत्तरेला रेवदंड्याजवळ कुंडलिकेची खाडी आहे आणि दक्षिणेला राजपुरीची. पावसात अशा खाड्यांमधून येणारा गाळ आणि गोडे पाणी किनाऱ्यालगतच्या समुद्रात मिसळते. तेव्हाचे पाणी गढूळ असते आणि त्यातले मॅग्नेशियमही कमी भरते. कोरड्या दिवसांतही लाटा फुटतात तिथले पाणी वाळूने भरलेले असते, म्हणून बाटली त्याच्या थोडे पुढे भरावी.

तरीही बाटलीत थोडी वाळू-माती येतेच, म्हणजे या कामात दोनदा गाळावे लागते. पहिल्यांदा वाळू, माती आणि सूक्ष्म जीव काढून स्वच्छ पाणी हवे असते. दुसऱ्यांदा पाणी टाकून देऊन साका ठेवायचा असतो. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण गाळणीला कोणती मदत द्यायची हे त्यावरच ठरते.

आता उपकरण. पोर्सेलिनची, सपाट आणि छिद्रे असलेल्या तळाची जी फनेल आपण बुकनर फनेल म्हणून ओळखतो, ती एर्न्स्ट ब्यूखनर या जर्मन औद्योगिक रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने आहे. त्याने तिचे वर्णन १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. किण्वनावरच्या कामासाठी १९०७ चे नोबेल मिळालेला एदुआर्ड बुखनर वेगळा, दोघांची गल्लत पुष्कळदा होते. त्याआधी, १८६८ मध्ये, रॉबर्ट बुन्सेनने पाण्याच्या धारेवर चालणारा पंप गाळणीला जोडला होता, पण त्याची फनेल नेहमीची शंकूची होती. शंकूच्या टोकाशी कागदाला खालून आधार नसतो, म्हणून ओढ लागताच तो तिथे फाटतो. बुन्सेनला त्यासाठी प्लॅटिनमच्या पातळ पत्र्याचा छोटा शंकू कागदाखाली ठेवावा लागत असे. सपाट तळ आल्यावर कागदाला सगळीकडून आधार मिळाला आणि तो प्रश्न मिटला.

खालचा फ्लास्क जाड काचेचा, बाजूला नळी असलेला, सक्शनसाठी बनवलेलाच हवा. साधा कोनिकल फ्लास्क निर्वात केला तर बाहेरच्या हवेच्या दाबाने फुटू शकतो. फ्लास्क स्टँडला क्लॅम्प करावा, कारण जाड रबरी नळी ताठ असते आणि वर फनेल बसवली की सगळा भार वरच्या बाजूला येतो. फ्लास्क आणि पंप यांच्यामध्ये एक रिकामी बाटली जोडावी आणि तिला हवा आत सोडणारी तोटी असावी. नळाचा दाब अचानक कमी झाला की पाण्याच्या पंपातले पाणी उलटे ओढले जाते. मध्ये बाटली असेल तर ते तिच्यात पडते, आपल्या गाळलेल्या द्रवात नाही. काम थांबवताना आधी तोटी उघडून हवा आत घ्यायची, मग नळ बंद करायचा. हा क्रम चुकला की पाणी मागे येतेच. या तोटीचा दुसरा उपयोग त्याहून महत्त्वाचा आहे: ती अर्धवट उघडी ठेवून ओढ कमी-जास्त करता येते.

कागद बसवणे हे दोन मिनिटांचे काम, पण साका निसटतो तो बहुधा इथेच. कागदाचा व्यास फनेलच्या आतल्या तळापेक्षा किंचित कमी हवा, पण सगळी छिद्रे त्याखाली पूर्ण झाकली गेली पाहिजेत. म्हणजे कडेच्या छिद्रांच्या बाहेर काही मिलिमीटर कागद उरला पाहिजे आणि तो भिंतीला टेकता कामा नये. कागद मोठा असेल तर बरेच जण तो तसाच दाबून बसवतात आणि कडा भिंतीवर चढवतात. चढलेल्या कडेला सुरकुत्या पडतात, प्रत्येक सुरकुतीखाली एक बारीक बोगदा तयार होतो, आणि साका कागदाला वळसा घालून त्या बोगद्यांतून खाली उतरतो. मोठा कागद कात्रीने कापावा. त्याआधी तो फनेलच्या तळाशी ठेवून बोटाने कडेचा ठसा उमटवावा आणि त्या ठशाच्या किंचित आतून कापावा. ५.५, ७, ९, ११ सेंटिमीटर अशा मापांत कापलेले कागद मिळतात. फनेलला जुळणारे माप आणून ठेवणे सगळ्यांत बरे.

कोरडा कागद ठेवून त्यावर थेट साका ओतू नये. कागद आधी त्याच द्रवाने भिजवावा, इथे पाण्याने. मग हलकी ओढ द्यावी. कागद तळाला सपाट चिकटतो आणि छिद्रांचे ठसे त्यावर दिसू लागतात. एखाद्या जागी सतत हवा शिरल्याचा सूं-सूं आवाज येत असेल किंवा कडेशी बुडबुडे दिसत असतील, तर कागद तिथे उचललेला आहे. ओढ बंद करून तो पुन्हा बसवावा. फनेल आणि फ्लास्क यांच्यामधला रबरी कोन नीट बसला नसेल तरीही असाच आवाज येतो, पण तो खालून येतो. दोन्हींतला फरक कान थोड्या सवयीने ओळखतो.

काम संपल्यावर कागद सोलून खालची बाजू पाहायची सवय लावावी. खाली कडेने पांढरी रेघ किंवा चंद्रकोर दिसली, तर साका कागदाला वळसा घालून गेला आहे, आणि दोष बसवण्यात आहे. खालची बाजू स्वच्छ असूनही फ्लास्कमधले पाणी दुधी असेल, तर साका कागदातूनच गेला आहे, म्हणजे कागदाची जात चुकली किंवा ओढ सुरुवातीलाच फार दिली. या दोन दोषांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी कोणता दोष घडला ते पाहणे गरजेचे.

कागदाच्या जातीबद्दल. प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा व्हॉटमन १ नंबर सुमारे ११ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो, ४२ नंबर २.५ मायक्रॉनपर्यंतचे. साका बारीक आहे म्हणून ४२ घ्यावा, असे कोणालाही वाटेल. लिबलिबीत साक्याच्या बाबतीत हा विचार उलटतो. ४२ ची बारीक छिद्रे साक्याने लगेच बुजतात. अशा साक्यांसाठी मुरलेले विश्लेषक मुद्दाम मोकळ्या पोताचा, २० ते २५ मायक्रॉनचा ४१ नंबर घेतात, कारण साका अडवण्याचे काम कागदाला करायचेच नसते. ते काम वरच्या थराने करायचे असते, आणि तो थर मोकळा राहील अशी व्यवस्था वेगळी करायची असते.

ती व्यवस्था म्हणजे गाळणीला दिलेली मदत, ज्याला कामातली माणसे फिल्टर एड म्हणतात. महाराष्ट्रात ही गोष्ट सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर साखर कारखान्यात जावे. उसाचा रस चुन्याने स्वच्छ करताना क्लॅरिफायरच्या तळाशी चिखल जमतो. त्या चिखलातही रस असतो आणि तो सोडून चालत नाही. चिखल मऊ, चिकट, दाबला जाणारा. थेट गाळायला गेले तर काही क्षणांत बुजतो. म्हणून त्यात बगॅसिलो, म्हणजे बगॅसमधून चाळून काढलेला बारीक भुसा, मिसळतात आणि मग तो फिरत्या निर्वात ड्रमवर घेतात. ड्रमच्या पत्र्याची छिद्रे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात, चिखलाच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी. चिखल अडतो तो पत्र्यामुळे नाही, तर भुशाच्या जाळीमुळे. ड्रमचा चिखलात बुडालेला भाग आधी कमी ओढीखाली असतो, म्हणजे थर हळुवार आणि मोकळा बसतो. ड्रम फिरून वर आल्यावर ओढ वाढवतात आणि थरावर गरम पाणी फवारून उरलेला रस धुऊन काढतात. शेवटी पाते तो थर खरवडते, आणि प्रेसमड म्हणून तो शेतात जातो. सुरुवातीला, जाळी बसण्याआधी, जो गढूळ रस येतो तो वेगळा घेऊन परत क्लॅरिफायरमध्ये सोडतात.

मला हे उदाहरण फार आवडते, कारण प्रयोगशाळेतल्या गाळणीने शिकावे ते सगळे यात आहे: मोकळ्या छिद्रांचा आधार, साक्यात मिसळलेला न चेपणारा पदार्थ, सुरुवातीला हलकी ओढ, आणि पहिला गढूळ द्रव परत वर ओतणे.

प्रयोगशाळेत बगॅसिलोची जागा बहुधा सेलाइट घेते. सेलाइट म्हणजे डायटमाइट, लाखो वर्षांपूर्वीच्या डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची सिलिकाची कवचे. डायटम आजही काशीदच्या पाण्यात आहेत आणि आपल्या पहिल्या गाळणीत त्यांतले काही अडकतीलही. ही कवचे कडक आणि नक्षीदार छिद्रांची असतात, एकमेकांवर कशीही पडली तरी त्यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. सेलाइटच्या ओल्या थरात ८० ते ९० टक्के जागा मोकळीच असते आणि ओढीने ती फारशी कमी होत नाही. सेलाइट दोन प्रकारे वापरतात. एक, कागदावर आधीच त्याचा थर घालून ठेवायचा. दोन, गाळायच्या द्रवातच ते मिसळायचे, म्हणजे साका बसेल तिथे त्याच्याबरोबर कवचेही बसत जातील आणि वाटा उघड्या राहतील. पहिला उपाय कागदाला वाचवतो, दुसरा साक्याच्या थराला. लिबलिबीत साक्यासाठी दुसऱ्याशिवाय भागत नाही. नुसता खाली थर घालून वर निव्वळ साका ओतला तर साका त्या थराच्या पृष्ठभागावर पापुद्रा धरतो आणि गाडी पुन्हा तिथेच अडते.

पहिले गाळण. ९ सेंटिमीटरच्या फनेलमध्ये कागद बसवला. चार-पाच ग्रॅम सेलाइट शंभर मिलिलिटर पाण्यात ढवळून, हलक्या ओढीखाली, काचकांडीवरून हळू ओतले. दोन-तीन मिलिमीटरचा एकसारखा थर बसतो. कोरडे सेलाइट चमच्याने पसरू नये, ते कडेला पातळ आणि मध्ये जाड बसते. शिवाय त्याची धूळ श्वासात जाणे फुप्फुसांसाठी घातक आहे, विशेषतः भाजलेल्या प्रकारातली, ज्यात स्फटिकी सिलिका असते. मास्क लावून, वारा नसलेल्या जागी ते मोजावे. थर बसल्यावर खाली आलेले पाणी फेकून द्यावे, नाही तर आपला नमुना पातळ होईल. थरावर कागदाची आणखी एक चकती ठेवली तर ओतताना खड्डा पडत नाही. आता समुद्राच्या पाण्यात एखादा ग्रॅम सेलाइट मिसळून ते ओतावे आणि फनेल मधेच कोरडी होऊ देऊ नये. थर उघडा पडून वाळला की त्याला तडे जातात आणि पुढचे पाणी न गाळता तड्यांतून निघून जाते. खाली येणारे पहिले पाणी गढूळ असेल तर परत वर ओतावे. इथे आपल्याला खालचे पाणी हवे आहे आणि वरचे सगळे टाकायचे आहे, म्हणून सेलाइट मिसळण्यात काही नुकसान नाही.

आता साका पाडायचा. तो कसा पाडला यावर तो कसा गाळला जाईल हे बरेचसे ठरते. अल्कली एकदम ओतली तर एका क्षणात असंख्य कण जन्मतात आणि कोणालाच वाढायला काही उरत नाही. म्हणून एक लिटर गाळलेल्या पाण्यात आधी हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घालून, तापवून, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घालवावा. तसे केले नाही तर पुढे कॅल्शियम कार्बोनेटही साक्यात येते. मग पाणी साठ-सत्तर अंशांवर ठेवून, सतत ढवळत, ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवलेला द्राव अर्ध्या तासात थेंबाथेंबाने सोडावा. कॉस्टिक डोळ्यांना फार घातक, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. हे प्रमाण सगळ्या मॅग्नेशियमला लागेल त्यापेक्षा थोडे कमी आहे, आणि ते मुद्दाम. थोडे मॅग्नेशियम पाण्यात उरले की अल्कली जास्त होत नाही. या हिशेबाने २.९ ग्रॅम हायड्रॉक्साइड पडायला हवे.

साका रात्रभर तसाच ठेवावा. बारीक कण विरघळून मोठ्यांवर बसत जातात, आणि साका खाली बैठक धरतो. सकाळी वरचे स्वच्छ पाणी नळीने अलगद काढून घ्यावे, तळाशी दोनशे मिलिलिटरच्या आसपास दाट पाणी उरेपर्यंत. पाच भागांतले चार भाग पाणी अशा रीतीने गाळणीवर न येताच निघून जाते. घाईत असलेला माणूस ही पायरी गाळतो आणि वाचवलेल्या वेळापेक्षा जास्त वेळ फनेलपुढे उभा राहतो.

दुसऱ्या गाळणीत साका हवा आहे, म्हणून सेलाइट नको. ते साक्यात मिसळले की वेगळे काढता येत नाही. साका पुढे आम्लात विरघळवून मॅग्नेशियमचा क्षार करायचा असता तर सेलाइट चालले असते, कारण आम्लात ते विरघळत नाही आणि पुन्हा गाळून बाजूला काढता येते. आपल्याला साका भट्टीत भाजून मॅग्नेशियम ऑक्साइड म्हणून वजन करायचा आहे. त्यासाठी जळून नाहीसा होणारा पदार्थ हवा, आणि तो म्हणजे राख न सोडणाऱ्या गाळण कागदाचाच लगदा. असे दोन-तीन कागद बारीक फाडून, बूच लावलेल्या फ्लास्कमध्ये गरम पाण्याबरोबर जोरात हलवले की तंतू सुटे होतात. ९ सेंटिमीटरचा एक कागद अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे एक ते दीड ग्रॅम लगदा तीन ग्रॅम साक्याला मिळतो. तो दाट साक्यात मिसळावा. खालचा कागदही राखविरहित हवा आणि ओल्या अवस्थेत ओढ सोसणारा हवा. ४१ नंबर भिजल्यावर कमकुवत होतो, म्हणून सक्शनला त्याच पोताचा पण कडक केलेला व्हॉटमन ५४१ घ्यावा.

फनेल पुन्हा ९ सेंटिमीटरची, किंवा त्याहून मोठी असेल तर ११ ची. लहान फनेलमध्ये साका नीट गोळा होतो खरा, पण थर जाड होतो. फनेलचा व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होते, थर चौथ्या हिश्श्याइतका पातळ होतो, आणि वेळ हिशेबाने सोळाव्या भागावर येतो. पंपाची ताकद वाढवून एवढा फायदा कधीच मिळत नाही. पाण्याच्या पंपाला तसेही एक बंधन आहे: पाण्याच्या वाफेच्या दाबाखाली तो जाऊ शकत नाही. नळाचे पाणी ३० अंशांवर असेल, आणि कोकणात ते पुष्कळदा असते, तर हा दाब ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो. तेवढ्यावर वातावरणाच्या ७६० पैकी बहुतेक सगळा दाब वापरायला मिळतो, आणि इथे आपण त्याचा छोटा हिस्साच वापरणार आहोत.

मधली तोटी अर्धी उघडी ठेवून थोडा साका ओतावा, तळ झाकला जाईल एवढाच, आणि थर बसू द्यावा. पाणी स्वच्छ यायला लागले की उरलेला साका हळूहळू घालावा. सगळा ओतून झाल्यावर, वरचे पाणी संपत आले की तोटी बंद करून ओढ वाढवावी. शेवटी थर आकसतो आणि त्याला तडे जातात. तडा गेला की हवा त्यातून सरळ आत शिरते, ओढ नाहीशी होते आणि थर ओलाच राहतो. सपाट काचेच्या बुचाने तडे दाबून बुजवावेत, किंवा फनेलच्या तोंडावर पातळ रबराचा तुकडा ताणून बसवावा. आतल्या ओढीने रबर साक्यावर बसते आणि सगळीकडून सारखे दाबते.

हा थर कोरडा वाटला तरी त्यात सत्तावीस-अठ्ठावीस मिलिलिटर खारे पाणी अडकलेले असू शकते, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम मीठ. तीन ग्रॅम साक्यात एक ग्रॅम मीठ म्हणजे वजनाला काहीच अर्थ नाही. फनेलमध्येच वरून पाणी ओतून धुतले तर पाणी तड्यांतून पळते आणि मीठ जागेवर राहते. थर काढून तीनशे मिलिलिटर शुद्ध पाण्यात पुन्हा नीट ढवळावा आणि नव्या कागदावर गाळावा. एका खेपेत मीठ सुमारे बाराव्या हिश्श्यावर येते, दोन खेपांत सात मिलिग्रॅमच्या आसपास. आधीच्या कागदाला चिकटलेला साका कागदासकट ठेवून द्यावा, तो भट्टीत बरोबर जाईल.

धुताना एक नवी अडचण येते. मीठ निघून गेले की साक्याचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. दुसऱ्या खेपेला खालचे पाणी पुन्हा दुधी दिसू लागले, किंवा गाळण विनाकारण मंदावले, तर हेच घडते आहे. लोहाच्या हायड्रॉक्साइडसाठी विश्लेषक धुण्याच्या पाण्यात अमोनियम नायट्रेट घालतात. इथे ती युक्ती चालत नाही, कारण अमोनियमचे क्षार मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड विरघळवतात. म्हणून दोन खेपांवर थांबावे. मीठ गेले का ते पाहायला खालच्या पाण्याचे काही थेंब आधी नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून मग सिल्व्हर नायट्रेट घालावे. आम्ल न घालता घातले तर अल्कलीमुळे तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड पडते आणि निष्कर्ष चुकतो. हलकी धुक्यासारखी छटा चालेल, दह्यासारखा पांढरा साका दिसला तर मीठ अजून आहे.

शेवटी कागद आणि साका क्रुसिबलमध्ये वाळवून, कागद ज्वाला न धरता हळूहळू काळवंडू द्यावा आणि मग ९०० अंशांवर भाजावे. कागदाच्या तंतूंमुळे इथे आणखी एक फायदा होतो: ते जळून गेल्यावर ऑक्साइड सच्छिद्र राहते, घट्ट ढेकूळ होत नाही, आणि आतपर्यंत भाजले जाते. ऑक्साइड हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढते, म्हणून डेसिकेटरमध्ये गार करून लगेच वजन करावे. ४ ग्रॅम कॉस्टिकच्या हिशेबाने ते २ ग्रॅम यायला हवे. पावणेदोन आले तर साका कुठेतरी निसटला, तेव्हा गाळलेले पाणी टाकून देण्याआधी उजेडात धरून पाहावे आणि सोललेल्या कागदाची खालची बाजूही पाहावी. सव्वादोन आले तर दोन शक्यता. मीठ नीट धुतले गेले नाही, किंवा सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड पुरता घालवला नाही आणि कॅल्शियमही साक्यात आले. पहिली शक्यता तपासायला ऑक्साइडचा कणभर भाग पाण्यात हलवून, गाळून, आम्ल घालून पुन्हा सिल्व्हर नायट्रेट लावावे. तिथे काही दिसले नाही, तर शंका कॅल्शियमवर जाते, आणि तेव्हा पुढच्या नमुन्याला आम्ल घालून तापवण्याच्या पायरीला अधिक वेळ द्यावा लागतो.